तेहतीस डॉलरला विकलेला शंभराचा रोखा: शून्य कूपन रोख्यांची पार्श्वभूमी

एप्रिल १९८१ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीने आठ वर्षांच्या मुदतीचे रोखे बाजारात आणले. त्यांवर व्याजाचे कूपनच नव्हते. मधल्या आठ वर्षांत धारकाला एक पैसाही मिळणार नव्हता आणि मुदत संपल्यावर दर्शनी किमतीचे १०० डॉलर एकरकमी हाती येणार होते. या १०० डॉलरच्या वचनासाठी खरेदीदाराने आज मोजायचे होते ३३.२४७ डॉलर. अमेरिकेच्या सार्वजनिक बाजारात कंपनीने विकलेल्या शून्य कूपन रोख्यांची कहाणी साधारणपणे इथून सांगितली जाते.

दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात कर्जाचा कागद विकणे ही कल्पना मात्र तेव्हा नवी नव्हती. मुदतीची हुंडी वटवताना कसर कापून रोख देण्याची पद्धत व्यापारात फार जुनी आहे, आणि अमेरिकी सरकारही १९२९ पासून आपली ट्रेझरी बिले याच रीतीने विकत आले होते. पण ती बिले काही महिन्यांची असत, त्यामुळे शंभराच्या बिलाचा भाव नव्वदीच्या खाली क्वचितच उतरे. मुदत आठ वर्षांची आणि दर चौदा टक्क्यांच्या वर, असे दोन्ही एकत्र आले की तीच कसर दोन तृतीयांशांपर्यंत जाते, ३३.२४७ हा आकडा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो तो याच कारणाने.

त्या आकड्यामागचे गणित एका ओळीचे आहे. अमेरिकी रोखेबाजारात वार्षिक दर निम्मा करून सहामाही चक्रवाढ धरतात. रोख्याचा दर होता १४.२५ टक्के, म्हणजे सहामाहीला ७.१२५ टक्के, आणि आठ वर्षांत सहामाह्या सोळा.

```
P = 100 / (1 + 0.07125)^16 = 33.247
```

हेच उलट दिशेने वाचले तर अधिक उलगडते. ३३.२४७ डॉलर पहिल्या वर्षाअखेर ३८.१५ होतात, चौथ्या वर्षाअखेर ५७.६६, सातव्या वर्षाअखेर ८७.१४ आणि आठव्या वर्षी १००. म्हणजे ज्याला आपण सूट म्हणतो, ती दुकानदाराने भाव पाडून दिलेली सवलत नव्हे. ते आठ वर्षांचे सगळे व्याजच आहे, फक्त ते वाटेत न देता मुद्दलात मिसळत ठेवले आहे आणि त्यावरही व्याज चढत गेले आहे. पहिल्या वर्षाची वाढ जेमतेम ४.९१ डॉलर आणि शेवटच्या वर्षाची १२.८६ डॉलर, हा फरक त्या चढत्या व्याजाचा. भाव इतका खाली असण्यावरून कंपनी कमकुवत आहे असा अर्थ काढणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. पत भावात उतरते ती दरातून. सुटीचा मोठा भाग मुदतीने आणि चक्रवाढीने ठरतो.

मग असा रोखा नेमका १९८१ मध्येच का खपला? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या कडक पतधोरणामुळे व्याजदर अभूतपूर्व उंचीवर होते. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर १५.८४ टक्क्यांपर्यंत गेला. हे दर टिकणार नाहीत असे मानणाऱ्या गुंतवणूकदारापुढे एक खरी अडचण होती. समजा त्याने १४.२५ टक्के कूपनाचा नेहमीचा रोखा १०० डॉलरला घेतला आणि लगेच दर ८ टक्क्यांवर आले. दर सहा महिन्यांनी हाती येणारे ७.१२५ डॉलर त्याला आता ८ टक्क्यांनीच गुंतवावे लागतील आणि आठ वर्षांनी त्याच्याकडे सुमारे २५५.५० डॉलर जमतील, म्हणजे प्रत्यक्ष परतावा १२.०८ टक्के. तेच १०० डॉलर शून्य कूपन रोख्यात घातले असते तर मधल्या काळात दर कसेही वागले तरी ३००.७८ डॉलर मिळाले असते, कारण पुन्हा गुंतवण्यासाठी मध्ये रक्कमच येत नाही. ठरलेल्या वर्षी ठरलेली देणी भागवावी लागणाऱ्या निवृत्तिवेतन निधींना ही निश्चिती फार मोलाची होती.

या निश्चितीची अट एकच: रोखा शेवटपर्यंत धरून ठेवायचा. मध्येच विकायची वेळ आली तर हाच कागद सर्वाधिक हेलकावे खातो, कारण त्याचे सगळे मूल्य शेवटच्या दिवशी एकवटलेले असते. खरेदीनंतर लगेच दर १४.२५ वरून १५.२५ टक्के झाला असता तर भाव ३०.८६ डॉलरवर, म्हणजे सुमारे ७.२ टक्क्यांनी खाली आला असता. शिवाय कंपनी मधल्या वर्षांत बुडाली तर धारकाने तोवर काहीच वसूल केलेले नसते, आणि अमेरिकी दिवाळखोरी कायद्यानुसार त्याचा दावा पूर्ण १०० डॉलरचा नसून तोपर्यंत साचलेल्या मूल्याचा धरला जातो.

विकणाऱ्या कंपन्यांना या प्रकाराची ओढ लागली ती मुख्यतः करामुळे, आणि माझ्या मते पार्श्वभूमीचा सर्वांत रंजक भाग हाच आहे. १९६९ च्या कायद्याने अशी कसर मुदतीवर सारखी वाटून वजावट म्हणून दाखवण्याची पद्धत घालून दिली होती. पेनीच्या रोख्यात एकूण कसर ६६.७५ डॉलर, तेव्हा दरवर्षीची वजावट ८.३४ डॉलर. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी साचलेले व्याज मात्र ४.९१ डॉलरच होते, आणि एक डॉलरही खिशातून गेलेला नव्हता. पहिली चार वर्षे वजावट खऱ्या व्याजापेक्षा जास्त आणि पाचव्या वर्षापासून कमी. बेरीज शेवटी सारखीच, पण कर पुढे ढकलला गेला. व्याजदर खालच्या पातळीवर असताना ही तफावत किरकोळ होती, म्हणून कायदा करणाऱ्यांना ती बोचली नसावी. चौदा टक्क्यांना ती कमाईचे साधन बनली.

धारकाच्या बाजूने याच नियमाचा चटका बसे, कारण हाती न आलेल्या व्याजावर त्याला दरवर्षी कर भरावा लागे. म्हणून हे रोखे साहजिकच करमुक्त निधींकडे आणि करसवलतीच्या निवृत्ती खात्यांकडे वळले.

१९८२ च्या करकायद्याने ही फट बुजवली. १ जुलै १९८२ नंतर विकलेल्या रोख्यांवर वजावट वर दाखवलेल्या चढत्या क्रमानेच, म्हणजे खऱ्या चक्रवाढीप्रमाणे घ्यायची असे ठरले. कंपन्यांचा कराचा फायदा सरला, पण खरेदीदारांची गरज कायम होती. ती भागवायला दलाली पेढ्या पुढे आल्या. त्याच वर्षी मेरिल लिंचने दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे विश्वस्तांकडे ठेवून त्यांतील प्रत्येक कूपनाच्या आणि मुद्दलाच्या स्वतंत्र पावत्या ‘टायगर’ या नावाने विकल्या. सॉलोमन ब्रदर्सच्या तशाच पावत्या ‘कॅट्स’ म्हणून ओळखल्या गेल्या. नावांचे हे प्राणिसंग्रहालय पुढे आणखी वाढले.

१९८५ मध्ये अमेरिकी कोषागाराने स्वतःच ‘स्ट्रिप्स’ योजना सुरू करून सरकारी रोख्याचे असे तुकडे थेट नोंदवहीतच वेगळे करू दिले, आणि पेढ्यांच्या खासगी पावत्यांची गरज संपत गेली. तीस वर्षांच्या रोख्याचा दर १२ टक्के धरला तर त्याच्या शंभर डॉलरच्या मुद्दलाचा तुकडा जेमतेम ३.०३ डॉलरचा ठरतो. १९८७ पासून हे सुटे तुकडे जोडून मूळ रोखा पुन्हा बनवण्याचीही परवानगी मिळाली. तेव्हापासून तुकड्यांच्या भावांची बेरीज मूळ रोख्याच्या भावापासून फार दूर जाऊ शकत नाही: बेरीज महाग झाली की व्यापारी रोखा घेऊन तोडतात, स्वस्त झाली की तुकडे गोळा करून जोडतात.