एसबार : रात्रपाळीतल्या परिचारिकेचा डॉक्टरांना निरोप

वॉर्डातल्या रुग्णाची तब्येत ढासळू लागली की परिचारिका ऑन-कॉल डॉक्टरांना ठरावीक क्रमाने जो तोंडी निरोप देते, त्याला एसबार म्हणतात. सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट आणि रेकमेंडेशन या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. आत्ता काय घडते आहे, हा रुग्ण कोण आणि इथवर कसा आला, मला काय वाटते आणि तुमच्याकडून मला काय हवे, असे हे चार भाग. निरोप साधारण मिनिटभरात संपतो. हा क्रम अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आला. कॅलिफोर्नियातील कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या कोलोरॅडो शाखेत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो रुग्णालयांसाठी घडवला गेला. त्या कामातले डग बोनॅकम स्वतः पूर्वी पाणबुडीवर होते. पुढे तो जगभर पसरला आणि पुण्यातल्या रुग्णालयांतही पोहोचला.

पुण्यात रात्रीचा फोन कुणाला लागतो, हे रुग्णालयावर अवलंबून असते. ससूनसारख्या सरकारी महाविद्यालयीन रुग्णालयात निवासी डॉक्टर असतात. खासगी रुग्णालयात बहुधा आधी इमारतीतच असलेले निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणजे आरएमओ, आणि त्यांच्यामार्फत घरी झोपलेले कन्सल्टंट, अशी साखळी असते. अनेक ठिकाणी आरएमओ आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात, म्हणजे सिस्टरने सांगितलेले पुन्हा एकदा फोनवरून पुढे सांगितले जाते. निरोप पहिल्याच टप्प्यावर विस्कळीत असेल, तर कन्सल्टंटपर्यंत त्याचा चोथा पोहोचतो.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पुण्यातले मेडिकल वॉर्ड डेंग्यूने भरलेले असतात. एसबारची खरी परीक्षा या आजारात होते, कारण यात रुग्ण बिघडतो तो ताप उतरल्यावर. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो आणि त्याच सुमारास काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त दाट होते, म्हणजे हिमॅटोक्रिट चढते. शरीर रक्तवाहिन्या आवळून वरचे बीपी धरून ठेवते, मात्र खालचे बीपी वर सरकते. दोन्हींतला फरक, म्हणजे पल्स प्रेशर, २० किंवा त्याहून कमी झाला की तो शॉक, म्हणजे अवयवांना रक्त अपुरे पडणे, समजायचा, मग वरचा आकडा कितीही बरा दिसो. इकडे नातेवाईक "ताप गेला, आता उद्या सोडतील ना?" विचारत असतात, आणि सगळ्यांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेले असते.

एक नमुना घेऊ. रुग्ण २४ वर्षांचा, सिंहगड रस्त्यावर मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा, वजन ६२ किलो. तापाचा पाचवा दिवस, डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह. काल दुपारपासून ताप नाही. रात्री १२ वाजता नाडी १०४, बीपी १०८/८४, श्वास २०. पावणेतीनला वॉर्डातल्या मदतनीस मावशी येऊन सांगतात की सात नंबर सारखा उठतोय-बसतोय, पुन्हा उलटी झाली. सिस्टर जाऊन बघते, तर हात गार पडलेले.

आता याच रुग्णाविषयी पहिला फोन असा होऊ शकतो :

"सर, सात नंबरचा पेशंट जरा अस्वस्थ वाटतोय. पोटात दुखतंय म्हणतो, उलटी पण झाली."
"ताप?"
"नाही सर, ताप उतरलाय."
"बीपी किती?"
"१०४ आहे सर."
"मग ठीक आहे. अ‍ॅसिडिटीचं आणि उलटीचं इंजेक्शन द्या. सकाळी बघतो."

यात सिस्टर एकही शब्द खोटे बोललेली नाही आणि झोपेतून उठलेल्या डॉक्टरांचा निष्कर्षही ऐकलेल्या माहितीला धरूनच आहे. खालचे बीपी सांगितले गेले नाही, हातपाय गार असल्याचे सांगितले गेले नाही, डेंग्यू हा शब्दच आला नाही. "जरा अस्वस्थ" या दोन शब्दांत शॉक दडून गेला. तक्रार सांगितली की तक्रारीवरचे औषध मिळते, हा रात्रीच्या फोनचा नियमच आहे.

एसबारचा अर्धा भाग फोन उचलण्याआधीच होतो. सिस्टर बीपी हाताने, पाऱ्याच्या किंवा डायलच्या यंत्रावर पुन्हा घेते, कारण फरक इतका कमी झाला की मशीनच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. नाडी आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजते. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला किती सेकंद लागतात ते बघते. येथे ४ लागले, २ च्या आत यायला हवा होता. इनटेक-आउटपुट चार्ट काढते. रात्री ११ ला आलेला रिपोर्ट फाइलमध्ये आहे. त्यात प्लेटलेट ५२ हजारांना कुणीतरी लाल गोल केला आहे, पण त्याच कागदावरच्या हिमॅटोक्रिटकडे कुणी पाहिलेले नाही. याला तीनेक मिनिटे लागतात. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा श्वास थांबत असेल, तर मात्र यातले काहीच करत बसायचे नाही. तेव्हा कोड ब्लू, म्हणजे जीव वाचवणाऱ्या पथकाला तातडीची हाक, द्यायचा असतो, एसबार नव्हे.

आता तोच फोन एसबारने. सिस्टर आधी स्वतःचे नाव, वॉर्ड आणि बेड नंबर सांगते आणि मग :

"सर, डेंग्यूचा पेशंट आहे, तो शॉकमध्ये जातोय असं वाटतंय म्हणून फोन केला. बीपी १०४ बाय ८६, हाताने दोनदा घेतलंय. पल्स ११८, नीट लागत नाही. हातपाय गार आहेत.

"वय २४, वजन ६२ किलो. तापाचा पाचवा दिवस, काल दुपारपासून ताप नाही. अ‍ॅडमिशनला हिमॅटोक्रिट ४० होतं, रात्री ११ च्या रिपोर्टला ४८. प्लेटलेट ५२ हजार. आरएल तासाला ८० एमएल चालू आहे. दुसरा आजार नाही, अ‍ॅलर्जी नाही.

"बारा वाजता वरच्या-खालच्या बीपीत २४ चा फरक होता, आता १८ आहे. श्वास २४, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९६. सहा तासांत लघवी १०० एमएल. तीन उलट्या झाल्या, पोट दुखतंय. शुद्धीत आहे, पण एका जागी पडत नाही. कुठे ब्लीडिंग दिसत नाही. लीक होतंय असं मला वाटतं.

"सर, तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघा. तोपर्यंत आरएल किती वाढवू? हिमॅटोक्रिट परत पाठवते, आयसीयूला बेड बघायला सांगू का?"

यातले पहिले वाक्य सर्वांत महत्त्वाचे. शॉक हा शब्द आधी आला की पुढचा प्रत्येक आकडा त्या प्रकाशात ऐकला जातो. बॅकग्राउंडमध्ये मोह आवरावा लागतो : तीन दिवसांचा सगळा इतिहास सांगायचा नाही, आजच्या निर्णयाला लागतो तेवढाच. वजन मात्र हवेच, कारण आरएलसारख्या सलाइनचा हिशेब किलोवर होतो. लघवीचा आकडाही वजनाशीच बोलतो. तासाला किलोमागे अर्धा एमएल धरला तरी सहा तासांत १८६ एमएल व्हायला हवी होती.

असेसमेंटमध्ये अनेक ठिकाणी, तब्येत किती ढासळली ते दाखवणारा न्यूज-२ हा गुणांक सांगतात. तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिला. या रुग्णाचा गुणांक श्वासाचे २, नाडीचे २ आणि वरच्या बीपीचा १ मिळून ५ होतो, आणि ५ ला तातडीने डॉक्टर बोलवायचे असतात. पण रात्री १२ वाजता तो फक्त २ होता. न्यूज खालचे बीपी बघतच नाही, हिमॅटोक्रिटही बघत नाही. डेंग्यूमध्ये म्हणूनच गुणांक भरण्याची वाट बघणे महागात पडते आणि "मला असं वाटतं" हे वाक्य गुणांकाशेजारी उच्चारायला हवे. निदान करणे परिचारिकेचे काम नाही, असे ऐकवणारे भेटतात. पण येथे ती निदान लिहीत नाही, चार आकड्यांचा मिळून अर्थ काय वाटतो तेवढे सांगते.

सर्वांत जड जातो तो शेवटचा भाग. आपल्याकडे मोठ्यांना "या" म्हणणे उद्धट वाटते, म्हणून "एकदा बघून घेतलं असतं तर" किंवा "काय करू सर?" अशी वाक्ये येतात. ऐकणाऱ्याला त्यात ऐच्छिक काम ऐकू येते. केरळहून आलेली, मराठी-हिंदी मिसळून बोलणारी सिस्टर उलट "सर, आत्ता या" असे थेट म्हणते, तेव्हा ते कधीकधी अधिक उपयोगी पडते. आदर "सर"मध्ये आणि "तुम्ही"मध्ये पुरेसा असतो. क्रियापद आणि वेळ यांत संदिग्धता नको.

डॉक्टर म्हणतात, "आरएल ५०० एमएल एका तासात जाऊ द्या, ग्रुप-क्रॉसमॅच पण पाठवा, मी निघालो." किलोमागे ८ एमएल झाले. रक्तदाब अजून टिकलेल्या डेंग्यू शॉकमध्ये प्रौढाला पहिल्या तासाला किलोमागे ५ ते १० एमएल देतात, त्यात हे बसते. सिस्टर ऑर्डर परत म्हणून दाखवते : "आरएल पाचशे, एका तासात." हा परतपाठ वगळला की पन्नास आणि पाचशे यांत घोळ व्हायला वेळ लागत नाही. मग केसपेपरवर फोनची वेळ, कुणाशी बोलणे झाले आणि काय सांगितले ते लिहिते. डॉक्टर आल्यावर त्यावर सही करतात.

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे सोयीचे आहे, पण निळ्या खुणा म्हणजे निरोप पोहोचला असे नव्हे. फोटो फोनच्या जोडीला असावा, फोनऐवजी नको. दहा मिनिटांत कुणी आले नाही, तर पुढच्या व्यक्तीला, म्हणजे कन्सल्टंटला आणि नाइट सुपरवायझरला फोन जातो, आणि तोही याच चार भागांत. पहिल्या फोनची वेळ आता बॅकग्राउंडमध्ये येते.

तासाभराने, पावणेचारच्या सुमारास, नाडी १०२, बीपी ११०/८०, हिमॅटोक्रिट ४४. फरक ३० झाला, हात कोमट. आता ड्रिप टप्प्याटप्प्याने कमी करायची. तशीच जोरात ठेवली, तर झिरपलेले पाणी छातीत साचून दम लागतो. हिमॅटोक्रिट उतरूनही नाडी वाढतच राहिली असती, तर अर्थ उलटा झाला असता. आत कुठेतरी रक्तस्राव आहे असे समजून रक्ताची तयारी करावी लागली असती. म्हणून तासाभरानंतरचा दुसरा फोनही ठरलेला असतो, सगळे ठीक असले तरी.

एसबारने खरोखर किती फरक पडतो, याचा पुरावा मध्यम ताकदीचा आहे. बेल्जियममधल्या एका रुग्णालयात १६ वॉर्डांतल्या परिचारिकांना तो शिकवल्यावर अनपेक्षित मृत्यू कमी झाले आणि त्याच वेळी आयसीयूत अचानक हलवलेले रुग्ण वाढले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी गोष्ट वरवर वाईट वाटते, पण बहुधा तिचा अर्थ मदतीची हाक लवकर जाऊ लागली असा आहे. ती तुलना आधी आणि नंतर अशी होती, त्यामुळे सगळे श्रेय एसबारला देता येत नाही. शिवाय हा साचा फक्त दिसलेले नीट पोहोचवतो. मावशींनी सांगितले नसते, किंवा सिस्टरने गार हात हातात घेतला नसता, तर सांगायलाच काही नव्हते.

सकाळी ८ च्या हँडओव्हरमध्ये डे ड्यूटीच्या सिस्टरला सात नंबर याच क्रमाने सांगितला जातो. रेकमेंडेशनच्या जागी फक्त एवढेच बदलते : नऊला हिमॅटोक्रिट, तासाला लघवी, आणि बीपी सांगताना दोन्ही आकडे.