पार्श्वभूमी : बातमीपत्रात कोरी जागा नसते

इंदूरच्या काही मराठी मंडळींनी एक नभोनाट्य अभिवाचनासाठी घेतलं आहे. नाटकात एक काल्पनिक शहर आहे आणि पात्र एकच, सरकारी वृत्तनिवेदिका. तिचं बातमीपत्र साधारण असं : “नागरिकांनी पाणी उकळून प्यावे. उत्तर दरवाजा दुरुस्तीसाठी बंद राहील. नदीविषयीच्या अफवांवर विश्वास ठेवू नये.” आता नदीबद्दल आधी कुणी अवाक्षरही काढलेलं नसतं. म्हणजे नदीत काहीतरी झालंय, हे शहराला सरकारी खुलाशातूनच कळतं. या युक्तीमागे खरा इतिहास आहे.

त्यातला एक धागा इंदूरचाच. जून १९७५मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. दिल्लीच्या ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, आणि इथल्या ‘नई दुनिया’नेही तेच केलं. लवकरच कोरी जागा सोडण्यालाही सेन्सॉरने हरकत घेतली. ते साहजिकच होतं, कारण कात्री चाललीय हे त्या कोऱ्या चौकोनातून वाचकाला थेट दिसत होतं. आकाशवाणीच्या बाबतीत मात्र असा हुकूम काढायची गरजच नव्हती. मालवा हाउसमधून येणारा आवाज एक बातमी गाळून पुढच्या बातमीवर जातो, तेव्हा मध्ये खड्डा पडत नाही. बातमीपत्र ठरल्या वेळी सुरू होतं, ठरल्या वेळी संपतं. घरोघरी बीबीसी लावून ताडून पाहायची सवय त्या काळात वाढली ती यामुळेच. गाळलेलं ओळखायला शेजारी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना सोव्हिएत युनियनमधला आहे. २६ एप्रिल १९८६च्या पहाटे चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातली चौथी अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या प्रिपयात गावच्या स्थानिक रेडिओवर घोषणा झाली : किरणोत्साराची स्थिती प्रतिकूल होत आहे, गाव तात्पुरतं रिकामं करायचं आहे, कागदपत्रं आणि थोडं खाणं बरोबर घ्या, निघताना वीज, गॅस आणि नळ बंद करा. जवळपास ४९ हजार माणसं बसमध्ये बसून गेली. ‘तात्पुरतं’ हा शब्द सोडला तर ही घोषणा बरीच प्रामाणिक म्हणायची.

२८ तारखेला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात किरणोत्सार सापडला आणि बाहेरून विचारणा सुरू झाली. मग रात्री नऊच्या ‘व्रेम्या’ या मॉस्कोच्या दूरचित्रवाणी बातमीपत्रात निवेदिकेने जेमतेम वीस सेकंदांचा मजकूर वाचला. चेर्नोबिल केंद्रात अपघात झाला आहे, एका अणुभट्टीचे नुकसान झाले आहे, परिणाम दूर करण्यासाठी उपाय योजले जात आहेत, बाधितांना मदत दिली जात आहे, शासकीय आयोग नेमला आहे. आशय एवढाच.

आता हा मजकूर प्रिपयातच्या घोषणेशेजारी ठेवून पाहा. अपघात कधी झाला ते नाही. किरणोत्सार नाही. एक आख्खं गाव आदल्या दिवशीच रिकामं केलंय, तेही नाही. पण ‘बाधितांना मदत’ आहे, म्हणजे बाधित माणसं आहेत, आणि आयोग आहे, म्हणजे प्रकरण किरकोळ नाही. एकही वाक्य खोटं नाही. रोगाचं नाव गाळलं तरी औषधाची चिठ्ठी मागे राहिली.

ती चिठ्ठी वाचता येणारे मात्र थोडेच होते. दूरच्या शहरातल्या माणसाकडे ना प्रिपयातची घोषणा होती ना स्वीडनची बातमी. त्याच्यासाठी ते वीस सेकंद इतर वीस सेकंदांसारखेच. कीवमध्ये १ मेचं संचलन ठरल्याप्रमाणे झालं, मुलंही त्यात चालली. गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवरून या विषयावर बोलले ते १४ मे रोजी.

नाटककारापुढची खरी अडचण हीच. प्रेक्षागृहातला श्रोता त्या काल्पनिक शहराबाहेरचा, त्याला आधीचं काहीच ठाऊक नाही. शेवटी एखादं पात्र येऊन सत्य सांगतं ही सोपी वाट. माझ्या मते त्याने सगळी मजाच जाते. या संहितेत म्हणून सलग तीन दिवसांची बातमीपत्रं आहेत. पहिल्या दिवशी पाणी सुटण्याच्या वेळा सात पेठांच्या, तिसऱ्या दिवशी सहा पेठांच्या, आणि निवेदिकेची लय तीच. श्रोत्याच्या हातात ताडून पाहायला पहिल्या दिवसाची यादी असते. त्यासाठी ती यादी पहिल्या दिवशी पूर्ण वाचायला हवी, भले ती कंटाळवाणी वाटो. तालमीत कुणीतरी हमखास ती कापायला सुचवणार. कापली तर तिसऱ्या दिवशी गळालेली पेठ कुणाच्याच लक्षात येणार नाही.