खुलाशाच्या फेऱ्या

खुलाशाच्या फेऱ्या : सल्ला देणाऱ्याने अपुऱ्या प्रश्नावर प्रतिप्रश्न विचारायचे, विचारणाऱ्याने उत्तर द्यायचे, अशी एक देवघेव म्हणजे एक फेरी. फेरी आणि प्रश्न एक नव्हेत. एका फेरीत दोन-तीन प्रश्न मावतात. त्याहून जास्त विचारले तर लोक पहिल्याचे उत्तर देतात आणि बाकीचे सोडून देतात.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की वाचक संदर्भ विभागात जे विचारतो ती त्याच्या गरजेची तडजोड झालेली आवृत्ती असते. म्हणून निदान एक फेरी जवळपास नेहमीच लागते. किती फेऱ्या घ्यायच्या, याची कसोटी मात्र वेगळी आहे : येणाऱ्या उत्तराने सल्ला बदलणार असेल तरच विचारावे. नुसते चित्र पूर्ण व्हावे म्हणून विचारलेला प्रश्न ही विचारणाऱ्यावर लादलेली हमाली असते.

समजा, ‘भिंतीचा रंग सुटतोय, काय करू?’ असे कोणी लिहून विचारले. पहिल्या फेरीत विचारायचे : भिंत बाहेरची की आतली? पोपडे खाली आहेत की वर? पांढरी भुकटी दिसते का? उत्तर येते, ‘बाहेरची, खाली गुडघ्यापर्यंत, भुकटी आहे.’ म्हणजे ओल भिंतीतूनच येते, हे बरेचसे ठरले. रंग कोणत्या कंपनीचा, हे विचारण्यात आता अर्थ नाही. दुसरी फेरी : ओल फक्त पावसात वाढते की बारमाही असते? भिंतीतून नळ गेला आहे का? यावर ‘लक्षात नाही, पण लवकर सांगा’ एवढेच आले, तर थांबावे. उत्तरे आखूड होणे किंवा तेच वाक्य फिरून येणे, ही थांबण्याची खूण.

मग उत्तर असे होते : ‘सुटलेला रंग खरवडा, भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, भिंत सुकेपर्यंत नवा रंग लावू नका. खालून चढणारी ओल साधारण एक मीटरच्या आत थांबते, तुमचे वर्णन त्याच्याशी जुळते. नळाचे मात्र कळलेले नाही. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहा. तरीही तो फिरत असेल तर गळती आहे, आणि आधी प्लंबर बोलवा.’ राहिलेली जागा नुसती कबूल करून भागत नाही. ती कशी भरायची आणि भरल्यावर सल्ला कुठे वळेल, हेही सांगावे लागते. ‘परिस्थितीनुसार बदलू शकते’ हे वाक्य यातले काहीच करत नाही.

लेखी व्यवहारात एका फेरीला दिवस जाऊ शकतो, म्हणून दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या. समोरासमोर किंवा फोनवर फेरी काही सेकंदांची असते; तिथे पाच-सहाही खपतात.

औषधाच्या मात्रेला हा हिशेब लागू नाही. मुलाचे वजन कळल्याशिवाय ‘सर्वसाधारण’ मात्रा सांगता येत नाही. तिथे दहावी फेरीही रास्त, नाहीतर आकडा न देता डॉक्टरकडे पाठवावे.