अग्रमंच, पार्श्वमंच आणि मधलं दार : प्रोफाइलकडे नाटक म्हणून पाहण्याची पार्श्वभूमी

सोशल मीडियावरच्या स्व-सादरीकरणावर लिहिलेल्या निबंधांत समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनचं नाव हमखास येतं आणि बऱ्याचदा एका वाक्यात आटोपतं: पोस्ट म्हणजे अग्रमंच, प्रेक्षकांसमोरची बाजू; खासगी चॅट म्हणजे पार्श्वमंच, पडद्यामागची बाजू. त्याने ही कल्पना कुठे बसून रचली हे पाहिलं की ही वाटणी किती ढोबळ आहे ते कळतं.

गॉफमन मूळचा कॅनडाचा. शिकागो विद्यापीठात पीएच.डी. करताना तो स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर जाऊन राहिला. त्या मुक्कामातली निरीक्षणं आधी प्रबंधात आणि मग १९५६ साली एडिंबरा विद्यापीठाने छापलेल्या पुस्तकात आली. १९५९ साली अमेरिकेत वाढीव आवृत्ती निघाली आणि ती जगभर वाचली गेली. त्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे बेटावरच्या एका हॉटेलचं. भोजनगृहात मध्यमवर्गीय पाहुण्यांसाठी शहरी रीतरिवाज चालत, तर स्वयंपाकघरात बेटावरच्या घरांतले. चुलीवरच्या किटलीवर ओले मोजे वाळत. पाहुण्यांच्या टेबलावरून परत आलेले, मऊ पडलेले लोण्याचे गोळे पुन्हा वळून ताजे म्हणून बाहेर जात.

या दोन खोल्यांमधलं दार रोजच्या भांडणाचं कारण होतं. वाढणाऱ्या मुलींना ते उघडं हवं असे: हातात ट्रे असतो, पाहुण्यांचं जेवण कुठवर आलंय तेही दिसतं. शिवाय त्या पाहुण्यांसमोर नोकर म्हणूनच वावरत, तेव्हा आतलं दिसलं म्हणून त्यांचं फारसं बिघडणार नव्हतं. मालकांना मात्र ते बंद हवं असे, कारण पाहुण्यांच्या नजरेत त्यांचा जो दर्जा होता तो आतल्या सवयी दिसताच घसरला असता. म्हणून दार रोज रागाने आपटलं जाई आणि रागानेच ढकललं जाई.

गॉफमनची व्याख्या इथून निघते. एखाद्या प्रयोगातून जो आभास उभा केला जातो, त्याला छेद देणारं वागणं जिथे जाणूनबुजून आणि सर्रास चालतं, ती त्या प्रयोगापुरती मागची बाजू. ‘त्या प्रयोगापुरती’ हे शब्द महत्त्वाचे. पार्श्वमंचावर ‘खरा’ माणूस सापडतो असं गॉफमन म्हणत नाही. स्वयंपाकघरातही आपापसांतल्या भूमिका असतात, फक्त प्रेक्षक वेगळे असतात.

माध्यमांचा अभ्यासक जोशुआ मेरोविट्झने १९८५ साली हा विचार टीव्हीपर्यंत आणला. भिंती जागच्या जागी असल्या तरी कोणाला काय कळतं हे माध्यम बदलतं, आणि दोन्ही बाजूंचं थोडंथोडं दिसणारा एक मधला प्रदेश तयार होतो, असं त्याने मांडलं. प्रोफाइलच्या बाबतीत हे प्रत्यक्षात कसं घडलं, ते डॅना बॉइड या संशोधिकेने फ्रेंडस्टर या फेसबुकआधीच्या सोशल नेटवर्कवर टिपलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका तरुण शिक्षिकेने मित्रमंडळींसाठी प्रोफाइल उघडलं होतं. तिथे तिचे विद्यार्थी येऊन पोहोचले. तिचं स्वतःचं पान साधंच होतं, पण मित्रांच्या पानांवर नशेचे उल्लेख होते आणि ते तिच्या यादीतून एका क्लिकवर दिसत. विद्यार्थ्यांच्या मैत्रीच्या विनंत्या स्वीकारल्या तर पंचाईत, नाकारल्या तरी पंचाईत. एकाच्या प्रयोगाची लाज सगळ्या चमूच्या हाती असते, हा गॉफमनचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात शिकवणारा प्रसंग ५ सप्टेंबर २००६ चा आहे. त्या दिवशी फेसबुकने न्यूज फीड सुरू केलं. त्याची घोषणा करणारी पोस्ट लिहिली होती पुण्यात वाढलेल्या रुची सांघवी या अभियंतीने. तोवर मित्राच्या आयुष्यात काय चाललंय ते पाहायला त्याच्या पानावर जावं लागे. आता कोणी फोटो बदलला, कोणाचं नातं तुटलं, ही खबर सगळ्या मित्रांसमोर आपोआप येऊन पडू लागली. नातं तुटल्याच्या ओळीशेजारी तडकलेल्या हृदयाचं चिन्हही असे. विरोधासाठी फेसबुकवरच निघालेल्या गटात काही दिवसांत लाखो विद्यार्थी सामील झाले. झुकरबर्गने आधी ‘शांत व्हा’ असं लिहिलं आणि तीनच दिवसांनी चूक कबूल करून गोपनीयतेची नवी नियंत्रणं दिली.

कंपनीचं म्हणणं होतं की नवीन काहीच उघड झालेलं नाही: जे आधी ज्यांना दिसत होतं, तेच त्यांनाच दिसतंय. ते खरंही होतं. मग लोक चिडले का? प्रेक्षक तेच होते, मजकूरही तोच होता, पण प्रोफाइलमध्ये फेरफार करणं हे तोवर पडदा पाडून नेपथ्य बदलण्यासारखं काम होतं. नातं ‘जुळलेलं’वरून ‘एकटा’ करायचं, पुढच्या वेळी कोणी फिरकेल तेव्हा बदललेलं दृश्य दिसेल, बस्स. फीडने पडदा वरच ठेवला आणि सामान हलवण्याचाच प्रयोग करून टाकला. म्हणजे पार्श्वमंच गेला तो गुपित फुटल्यामुळे नव्हे, तर तयारी आणि प्रयोग यांच्यातलं अंतर मिटल्यामुळे. निबंधात ‘खासगी विरुद्ध सार्वजनिक’ एवढ्यावरच थांबलं, तर हा प्रसंग समजावता येत नाही.

बर्नी होगन या संशोधकाने २०१० साली गॉफमनच्या चौकटीवरच बोट ठेवलं. प्रयोगाला प्रेक्षक समोर असावे लागतात, त्यांच्याकडे पाहत नट स्वतःला सावरत असतो. जुना फोटो मात्र पडून राहतो आणि तो कोण, कधी पाहणार हे टाकणाऱ्याला माहीत नसतं. होगन याला प्रयोगाऐवजी प्रदर्शन म्हणतो. कोणापुढे काय मांडायचं हे तिथे अल्गोरिदम ठरवतो. त्यामुळे माणूस पोस्ट टाकताना ज्यांच्यापासून अडचण येऊ शकते त्यांचा विचार करतो: काका, बॉस, सासरची मंडळी. ही दुरुस्ती मला पटते, पण पूर्ण नाही. ग्रुपवर ताबडतोब येणारी उत्तरं, लाइव्ह व्हिडिओ, चोवीस तासांत उडणारं स्टेटस, यांत प्रयोगच जास्त असतो.

इन्स्टाग्रामवरचं दुसरं, मोजक्या मित्रांसाठीचं खातं पार्श्वमंच ठरतं का, हे म्हणूनच खात्याच्या नावावरून ठरवता येत नाही. मुख्य खात्यावरच्या आभासाला छेद देणारं काही तिथे सर्रास चालतं का, ते पाहावं लागतं. ‘विस्कटलेला’ फोटोही चारदा काढून, निवडून टाकला असेल तर तो त्या वीस मित्रांपुढचा अग्रमंचच.

खरी मागची बाजू संशोधकाला पोस्टमध्ये क्वचितच सापडते. ती खोडलेल्या मजकुरात, काढलेल्या टॅगमध्ये, न टाकलेल्या फोटोंमध्ये असते. २०१३ साली सौविक दास आणि अॅडम क्रेमर यांनी फेसबुकच्या ३९ लाख वापरकर्त्यांचा १७ दिवसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चौकटीत किमान पाच अक्षरं टाइप झाली आणि दहा मिनिटांत पोस्ट झाली नाही, तर ते स्वतःवरचं सेन्सॉर धरलं. काय लिहिलं होतं ते नोंदवलं नव्हतं, फक्त काहीतरी लिहिलं होतं एवढंच. ७१ टक्के लोकांनी निदान एकदा तरी असं केलं होतं. नव्या पोस्टपैकी ३३ टक्के गळाल्या, तर कमेंटपैकी १३ टक्के. कमेंट करताना समोर कोण आहे याचा अंदाज असतो. भिंतीवरच्या पोस्टचे प्रेक्षक धूसर असतात.

हे मोजणारा मात्र ना नट होता, ना प्रेक्षक. गॉफमनच्या यादीत त्याच्या सर्वांत जवळची भूमिका आहे सेवा पुरवणाऱ्या तज्ज्ञाची: केशभूषाकार, हिशेबनीस वगैरे. हा माणूस आतली गुपितं जाणतो, पण प्रयोग फसला तर त्याची जोखीम किंवा ओशाळलेपण त्याच्या वाट्याला येत नाही.