‘माझी ग्रेड काढून द्या’ हा अर्ज परत का येतो, आणि त्याऐवजी काय मागायचं

परीक्षा विभागाच्या खिडकीवर मी नऊ वर्षं काढली. निकाल लागला की पहिल्याच आठवड्यात एका ठरावीक मजकुराचे अर्ज यायचे: ‘महोदय, माझ्या तिन्ही परीक्षा झाल्या आहेत, तरी माझी अंतिम ग्रेड काढून द्यावी ही विनंती.’ खाली सही आणि मोबाइल नंबर. तीन परीक्षा म्हणजे कोणत्या, कुठल्या परीक्षेचे किती टक्के धरायचे, गुण किती पडले, यातलं एक अक्षर नाही. अर्ज ‘अपूर्ण’ शेरा घेऊन परत जायचा आणि मुलाला वाटायचं, कार्यालय टोलवतंय. कार्यालयं टोलवतात, ते मी नाकारत नाही. पण या अर्जाला उत्तर देणं खरोखरच कुणाला शक्य नसतं.

ग्रेड निघायला तीन गोष्टी लागतात: प्रत्येक परीक्षेचा भार, त्या त्या परीक्षेतले तुमचे गुण, आणि किती गुणांना कोणती ग्रेड हे सांगणारा तक्ता. यातला भार आणि तक्ता अभ्यासक्रमासोबत छापलेले असतात, ते कुणालाही पाहता येतात. गुण मात्र तुमची स्वतःची नोंद आहे, ती तुम्हालाच मागावी लागते. या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी असतात, म्हणून ‘ग्रेड द्या’ असं एकत्र मागून काम होत नाही.

भार नसला तर किती फरक पडतो

एक विषय घ्या. अंतर्गत मूल्यमापनात ३० पैकी २४ आणि विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत ७० पैकी ३५. एकूण ५९. आता हाच विद्यार्थी अर्जात फक्त टक्के लिहितो: ‘इंटर्नलला ८०, एक्स्टर्नलला ५०.’ भार माहीत नसलेला माणूस दोन्हींची सरासरी काढणार आणि ६५ सांगणार. आणि अभ्यासक्रम ४०-६० पॅटर्नचा असेल, तर तेच ८० आणि ५० टक्के म्हणजे ३२ अधिक ३०, एकूण ६२.

टक्के तेच, पण उत्तरं तीन: ५९, ६५, ६२. राज्यातल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत ५५ ते ५९.९९ ला ‘बी प्लस’ आणि ६० ते ६९.९९ ला ‘ए’ असा तक्ता चालत आला आहे. तो लावला तर खरी ग्रेड ‘बी प्लस’ असताना अंदाजाने काढलेली ग्रेड ‘ए’ येते. तक्ता सगळीकडे एकच नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक पद्धतीत ‘ओ’ला १० गुणांक, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६ अशी उतरंड आहे. पण ‘ओ’ ८० ला सुरू होते की ९० ला, हे आपापल्या विद्यापीठाच्या नियमांत पाहावं लागतं.

सत्राची ग्रेड काढताना दुसरा भार येतो, तो श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा. समजा पाच विषय आहेत. चार-चार क्रेडिटच्या तीन विषयांत गुणांक ८, ७ आणि ६. दोन-दोन क्रेडिटच्या दोन विषयांत १० आणि ९. पाचही गुणांकांची साधी सरासरी ८ येते, आणि मुलं तीच घेऊन खिडकीवर भांडायला येतात. पण प्रत्येक गुणांकाला त्याच्या क्रेडिटने गुणायचं असतं: ३२, २८, २४, २० आणि १८, बेरीज १२२. एकूण क्रेडिट १६. भागाकार ७.६३. गुणपत्रिकेवर एसजीपीए ७.६३ दिसला की ‘माझे गुण कापले’ म्हणून अर्ज येतो. कापलेलं काहीच नसतं. ज्यात कमी पडले ते विषय मोठे होते, एवढंच.

भार कुठे सापडतो

‘मूल्यमापन योजना’ किंवा ‘परीक्षा पद्धती’ या नावाचं पान अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असतं. तिथे विषयाचं सांकेतिक नाव, क्रेडिट, अंतर्गत गुण, लेखी गुण आणि उत्तीर्ण होण्याची किमान अट असे रकाने असतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते मिळतं, नाहीतर कॉलेजच्या ग्रंथालयात. पाहताना चूक होते ती वर्षाची. एकाच पदवीचे जुने आणि नवे पॅटर्न एका वेळी चालू असतात, आणि ज्याचे विषय मागे राहिले आहेत त्याला बहुधा जुनाच पॅटर्न लागू असतो. म्हणून प्रवेशाचं वर्ष आणि गुणपत्रिकेवर छापलेलं पॅटर्नचं वर्ष जुळतंय का, ते आधी पाहा.

अंतर्गत गुणांचीही आतली विभागणी असते. ३० पैकी काही गुण लेखी चाचणीचे, काही सादरीकरणाचे, काही प्रकल्पाचे. ही विभागणी बऱ्याचदा विभागाच्या सूचनेत असते, पुस्तिकेत नसते. ती विभागप्रमुखांकडे मागायची, परीक्षा विभागाला ती ठाऊक नसते.

गुण कसे मागायचे

कोण मागू शकतं? विद्यार्थी स्वतः. वडील, काका किंवा क्लासचे सर आले तर त्यांच्याकडे विद्यार्थ्याचं सही केलेलं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती लागतात. सज्ञान मुलाचे गुण पालकांना तोंडी सांगणं योग्य नाही, आणि यावरून खिडकीवर वादही पुष्कळ होतात.

अर्जासोबत हॉल तिकिटाची प्रत, गुणपत्रिका किंवा ऑनलाइन निकालाची प्रत आणि ओळखपत्र जोडा. अर्जात पीआरएन, बैठक क्रमांक, परीक्षेचं सत्र (‘एप्रिल-मे’ की ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’) आणि विषयाचा कोड लिहा. विषयाचं नुसतं नाव पुरत नाही, ‘अर्थशास्त्र १’ नावाचे विषय चार शाखांत असतात. मागणी अशी लिहा:

‘विषय कोड अमुकमध्ये मला मिळालेले अंतर्गत गुण घटकनिहाय द्यावेत. लेखी परीक्षेतील गुण द्यावेत. कॉलेजने विद्यापीठाला पाठवलेल्या अंतर्गत गुणांच्या यादीतील माझ्या नोंदीची प्रत द्यावी.’

तिसरं वाक्य विसरू नका. कॉलेजच्या वहीत २४ आणि विद्यापीठाकडे ४, किंवा थेट ‘गैरहजर’, असा प्रकार गुण भरताना होतो, आणि तो पकडायला दोन्ही नोंदी शेजारी ठेवण्याशिवाय मार्ग नाही. एकूण अनपेक्षितपणे वीसेक गुणांनी कमी दिसत असेल, तर पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी हे तपासा. पुनर्मूल्यांकन लेखी उत्तरपत्रिकेचं होतं, त्यात अंतर्गत गुणांना कुणी हात लावत नाही.

उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत हा वेगळा अर्ज. त्याची मुदत आणि शुल्क निकालासोबतच्या परिपत्रकात असतं, आणि ही मुदत मोजक्या दिवसांची असते.

माहिती अधिकारातून मागायचं असेल तर

कार्यालय दाद देत नसेल, किंवा छायांकित प्रतीची मुदत गेली असेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. तपासणाऱ्याचं नाव मात्र मिळत नाही.

त्याच निकालात आणखी एक मुद्दा आहे, आणि आपल्या विषयाला तोच लागतो. कार्यालयाजवळ नोंद आहे ती द्यावी लागते, नसलेली माहिती गोळा करून किंवा रचून देण्याचं बंधन नाही. ‘माझी अंतिम ग्रेड काढून द्या’ ही माहितीची मागणी नाही, गणिताची मागणी आहे. जन माहिती अधिकारी ती फेटाळू शकतो. ‘माझी ग्रेड बी प्लस का आली?’ हा प्रश्नही तसाच अडतो. पण ‘मूल्यमापन योजनेची प्रत द्या’, ‘माझ्या गुणांच्या नोंदीची प्रत द्या’ या मागण्या कागदाच्या आहेत, त्या अशा अडत नाहीत.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये करायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. पुढे प्रतीसाठी पानाला २ रुपये. विद्यापीठाच्या स्वतःच्या योजनेतलं शुल्क यापेक्षा बरंच जास्त असू शकतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्थेच्या नियमाने मागायचं की माहिती अधिकारातून, हे परीक्षार्थीने ठरवावं, आणि माहिती अधिकारातून मागितलं तर शुल्क त्या कायद्याच्या नियमांप्रमाणेच. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं, किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

दोन अडचणी आधीच सांगतो. उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपल्या जातात. नियमाप्रमाणे त्या नष्ट झाल्या असतील तर अपिलातूनही काही हाती येत नाही. दुसरं, ३० दिवस थांबताना पुनर्मूल्यांकनाची मुदत थांबत नाही. ती हवी असेल तर तो अर्ज वेगळा आणि आधी करा.

एखादाच आकडा अजून हाती नसेल तर

नेमकी ग्रेड निघणार नाही, पण मर्यादा निघतात. ३०-७० चा पॅटर्न आहे, अंतर्गत २४ आहेत, लेखीचा निकाल यायचाय. मग एकूण २४ ते ९४ मध्ये कुठेही. वरच्याच तक्त्याने ‘ए’ हवी असेल तर लेखीत ३६ लागतील. आता उत्तीर्णतेची अट वाचा. अंतर्गत आणि लेखीत स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत असा नियम असेल, तर लेखीत ७० पैकी २८ हवेतच. लेखीत २० पडले तर एकूण ४४ होऊनही विषय राहतो. ‘चाळीसच्या वर आहे, मग नापास कसा?’ म्हणून एक मुलगा आईला घेऊन आला होता, त्याचं नेमकं हेच झालं होतं. मूल्यमापन योजनेचं पान काढून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. आईने तो रकाना दोनदा वाचला आणि मुलाकडे वळून विचारलं, ‘हे पान तुझ्याकडे जूनपासून होतं?’