मूल गोंधळेल, ही भीती आली कुठून?

आई बेळगावकडची, घरी कन्नड बोलणारी, बाबा पुण्याचे. दीड-दोन वर्षांचं लेकरू ‘पाणी बेकु’ म्हणतं, म्हणजे पाणी मराठीतलं आणि ‘हवं’ कन्नडमधलं. आजी-आजोबांना गंमत वाटते, पण कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एकच भाषा ठेवा, पोर गोंधळेल.’ सल्ला घरगुती वाटला, तरी त्यावर शास्त्राचा शिक्का बसला तो शंभर वर्षांपूर्वी, ब्रिटनमधल्या वेल्समध्ये.

१९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या ७ ते १४ वयाच्या सुमारे १४०० मुलांच्या बुद्धिचाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यांतली वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषांची मुलं एकभाषिक मुलांपेक्षा मागे पडली. डावं-उजवं ओळखण्याच्या चाचणीतही ती अडखळली आणि सेअर यांनी याला ‘मानसिक गोंधळ’ म्हटलं. पण त्याच अभ्यासात शहरांतल्या द्विभाषिक मुलांमध्ये असा फरक दिसला नव्हता. दोन भाषांनीच डोकं गोंधळत असेल, तर शहरातल्या मुलांचं का नाही गोंधळलं? सेअर यांचं उत्तर असं, की शहरातली मुलं शाळेआधीच खेळता खेळता इंग्रजीशी जुळवून घेतात, खेड्यातल्यांना ती शाळेत गेल्यावर भेटते. म्हणजे अडचण दोन भाषांची नव्हे, दुसरी भाषा कधी आणि कशी भेटली याची होती. शिवाय घरची आर्थिक स्थिती नीट जुळवून पाहिलेली नव्हती. हे बारकावे मागे पडले, ‘गोंधळ’ तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

खरं तर याच्या उलट दाखवणारी नोंद त्याआधी दहा वर्षं छापलेली होती. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांची पत्नी जर्मनभाषक होती. १९०८ मध्ये मुलगा लुई झाला, तेव्हा सहकारी मोरीस ग्रामों यांनी सल्ला दिला: बापाने फक्त फ्रेंच बोलायचं, आईने फक्त जर्मन. रोंजा मुलाचं बोलणं टिपत गेले आणि १९१३ मध्ये त्याचं पुस्तक केलं. लुई दोन्ही भाषा व्यवस्थित शिकला. ‘एक माणूस, एक भाषा’ हा आजही सांगितला जाणारा नियम इथूनच रूढ झाला. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात तो तंतोतंत पाळणं अवघडच, आणि न पाळताही मुलं दोन भाषा शिकतातच.

तोल फिरला १९६२ मध्ये. माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांची मुलं निवडताना घरची आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी ठेवली. द्विभाषिक मुलं बुद्धिचाचण्यांत मागे तर नव्हतीच, बऱ्याच ठिकाणी पुढे निघाली. या अभ्यासातही खोट आहे: दोन्ही भाषा चांगल्या येणारीच मुलं त्यांनी द्विभाषिक गटात घेतली होती. त्यामुळे ‘दोन भाषांनी बुद्धी वाढते’ असा उलटा डंका वाजवायचंही कारण नाही.

मग ‘पाणी बेकु’चं काय? १९७८ मध्ये व्होल्टेरा आणि टेशनर यांनी मांडलं, की सुरुवातीला मुलाच्या डोक्यात दोन्ही भाषांचा एकच साठा असतो, नंतर तो वेगळा होतो. १९८९ मध्ये फ्रेड जेनेसी यांनी त्यावर बोट ठेवलं: मूल शब्द मिसळतं, एवढ्यावरून त्याला भाषा वेगळ्या कळत नाहीत असं सिद्ध होत नाही. समोर कोण आहे त्याप्रमाणे ते भाषा बदलतं का, ते पाहा. पुढच्या अभ्यासांत अगदी लहान मुलंही असा बदल करताना दिसली. बरेचदा एका भाषेतला शब्द अजून आलेला नसतो, म्हणून दुसरीतला वापरला जातो. शिवाय घरची मोठी माणसं स्वतः किती मिसळतात, तेही ऐकावं.

उशीर झालाय की नाही, हे ठरवताना चूक होते ती मोजण्यात. समजा, दोन वर्षांच्या मुलाला मराठीतले ३२ आणि कन्नडमधले २८ शब्द येतात. फक्त मराठी मोजलं तर ते मागे वाटेल. दोन्ही मिळून मात्र ६० शब्द होतात. ‘दूध’ आणि ‘हालु’, ‘कुत्रा’ आणि ‘नायि’ अशा १२ जोड्या एकदाच धरल्या, तरी ४८ गोष्टींना त्याच्याकडे नाव आहे. १९९३ मध्ये मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी बाळांचे शब्द असेच एकत्र मोजले, तेव्हा ती एकभाषिक बाळांच्या बरोबरीची निघाली.

खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. दोन वर्षांच्या सुमारास दोन्ही मिळून पन्नासच्या आसपास शब्द नाहीत, दोन शब्द जोडणं सुरू नाही, किंवा हाक मारल्यावर मूल वळत नाही, असं असेल तर आधी कान तपासून घ्यावेत आणि वाचा-भाषा तज्ज्ञांना भेटावं. तिथे दोन्ही भाषांतले शब्द लिहून न्यावेत.