जाहिरातीतलं उलटं घड्याळ

"घड्याळ खोटं असलं तरी माल खराच मिळतो ना, मग गिऱ्हाईक कशाला तुटेल?"

तुटतं. म्हापशातल्या माझ्या मावशीने चतुर्थीआधी फोनवर काजूची जाहिरात पाहिली: उरली १५ मिनिटं, शिल्लक ३ पाकिटं. तिने घाईघाईत पैसे भरले. संध्याकाळी मी माझ्या फोनवर तेच पान उघडलं, तर पुन्हा १५ मिनिटं, पुन्हा ३ पाकिटं! असं घड्याळ प्रत्येक नव्या फोनवर पहिल्यापासून सुरू होतं. खरी मुदत सगळ्यांची एकदमच संपते. केंद्र सरकारच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी खोटी घाई लावायला मनाई आहे.

काजू चांगले निघाले. तरी मावशी आता त्या दुकानाची खरी सूटही खोटीच धरते आणि काजू शुक्रवारच्या बाजारातून आणते.